४७ हजारांचा डेटा अ‍ॅनालिटिक्स कोर्स: फीला नेमकं कितीनं भागायचं?

बी.कॉम. झाल्यावर किंवा अकाउंट्समध्ये दोन-तीन वर्षं काढल्यावर डेटा अ‍ॅनालिटिक्सकडे वळायचं ठरवलं की तीन पर्याय समोर येतात. पहिला लाइव्ह ऑनलाइन बॅचचा: सहा महिने, संध्याकाळचे वर्ग, फी चाळीस हजारांच्या आसपास. दुसरा युडेमीसारख्या ठिकाणच्या रेकॉर्डेड कोर्सचा, जो सेलमध्ये पाचशे रुपयांच्या आत-बाहेर मिळतो. तिसरा पूर्ण फुकटाचा. गंमत म्हणजे तिन्हीकडचा अभ्यासक्रम जवळजवळ सारखाच असतो: एक्सेल, टेबलांतून माहिती काढायची भाषा एसक्यूएल, आलेख-अहवालांचं सॉफ्टवेअर पॉवर बीआय आणि थोडं पायथन प्रोग्रॅमिंग.

तुलना करताना बहुतेक जण फीला तासांनी भागतात. पद्धत बरोबर आहे, फक्त भागाकारात तास कुठले धरायचे तिथे घोळ होतो. एक नमुना घेऊन ते सोडवून बघू. आकडे उदाहरणासाठी आहेत. तुमच्या हातातल्या माहितीपत्रकातले आकडे त्याच जागी घाला.

जाहिरातीतले तास आणि खरे तास

फी ४०,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७,२००. माहितीपत्रकात फी मोठ्या अक्षरात आणि "करांसह नव्हे" बारीक अक्षरात असतं, म्हणून पहिलं काम खिशातून जाणारा एकूण आकडा काढण्याचं.

पत्रकावर "३०० तास" लिहिलेलं आहे. ४७,२०० भागिले ३०० म्हणजे तासाला १५७ रुपये. ऐकायला स्वस्त वाटतं. आता आठवड्याचं वेळापत्रक मागून घ्या. आठवड्याला तीन वर्ग, प्रत्येकी दोन तास, चोवीस आठवडे. म्हणजे लाइव्ह तास झाले १४४. उरलेल्या १५६ पैकी शंभर तास "स्वयंअध्ययन" असतं, म्हणजे तुम्ही घरी करायचा अभ्यास. तो धरून फी सांगणं म्हणजे खानावळीनं तुमच्या जेवायच्या वेळेचेही पैसे लावण्यासारखं आहे. बाकीच्या छप्पन्न तासांत आधीच्या बॅचची रेकॉर्डिंग आणि रेझ्युमेवरची व्याख्यानं येतात.

लाइव्ह तासांचा दर आता ३२८ रुपये झाला. पण हे १४४ तासही पूर्ण हाती लागत नाहीत. सणवार, चाचण्या आणि "प्रोजेक्ट वीक" मिळून चार आठवडे सहज जातात. दोन तासांच्या वर्गात पहिली दहा मिनिटं लोक जमण्यात, नंतरची काही कुणाचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल होत नाही त्यात. दीड तास शिकवणं झालं तर वर्ग चांगला म्हणायचा. वीस आठवडे, आठवड्याला तीन वर्ग, दीड-दीड तास: ९० तास. दर ५२४ रुपये. आणि तुम्हाला व्हीलूकअप आणि पिव्हट टेबल आधीपासून येत असेल, तर एक्सेलचे वीस तास वजा करा. ७० तास उरतात, दर ६७४. एकाच कोर्सचा दर १५७ वरून ६७४ वर गेला, आणि यात कुणी खोटं काहीच बोललेलं नाही.

रेकॉर्डेड कोर्सलाही हीच कसोटी लावायची. ४९९ रुपये आणि तीस तास, म्हणजे तासाला जेमतेम सतरा रुपये. तिथे तास फुगवण्याची तऱ्हा निराळी असते. कोर्सच्या पानावर प्रत्येक प्रकरणाची लांबी दिलेली असते, ती उघडून फक्त तुम्हाला हवी ती प्रकरणं बेरजेला घ्या. साठ तासांच्या कोर्समध्ये कधी जुनी आवृत्ती "बोनस" म्हणून शेपटाला तशीच चिकटवलेली असते, तर कधी एकच गोष्ट विंडोजवर आणि मॅकवर अशी दोनदा दाखवलेली असते. शेवटची दुरुस्ती कधी झाली ती तारीखही बघा. एसक्यूएलला तीन वर्षं जुनी चित्रफीत चालते, पॉवर बीआयला चालत नाही. त्याचा पडदा सतत बदलतो आणि चित्रफितीतलं बटण तुमच्या पडद्यावर सापडत नाही. युडेमीवर छापील किमतीला कधीच घेऊ नये. सेल वरचेवर लागतात. तीस दिवसांत पैसे परत मिळण्याची सोय आहे, पण बराचसा कोर्स बघून झाल्यावर ती नाकारली जाऊ शकते. म्हणून पहिल्या आठवड्यातच काय ते ठरवावं.

फुकटात काय मिळतं, काय मिळत नाही

फुकट म्हटलं की लोक यूट्यूबवर जाऊन हरवतात. त्यापेक्षा नेमकी चार ठिकाणं धरावीत.

एसक्यूएलसाठी कॅगल लर्न. तिथली सुरुवातीची एसक्यूएलची पाठमाला साधारण तीन तासांची आणि पुढची चार तासांची. ब्राउझरमध्येच सराव होतो आणि शेवटी प्रमाणपत्रही मिळतं. एक लक्षात ठेवा: तिथे गूगलचं बिगक्वेरी हे ऑनलाइन डेटाबेसचं साधन वापरतात. टेबलांची नावं लिहिण्याची आणि तारखा हाताळण्याची पद्धत मायएसक्यूएलपेक्षा थोडी वेगळी आहे, म्हणून घरच्या संगणकावर तीच क्वेरी चालली नाही तर घाबरू नये. पाया पक्का हवा असेल तर हार्वर्डची सीएस-५० मालिका घ्या. त्यात एसक्यूएलचा सात आठवड्यांचा आणि पायथनचा दहा आठवड्यांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. गृहपाठ आपोआप तपासला जातो, आणि हार्वर्डच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून पूर्ण केल्यास त्यांचं साधं प्रमाणपत्र विनामूल्य मिळतं. हेच कोर्स एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरही आहेत, तिथल्या पडताळणी केलेल्या प्रमाणपत्राला मात्र पैसे पडतात.

पॉवर बीआयसाठी मायक्रोसॉफ्ट लर्नवर पीएल-३०० या मायक्रोसॉफ्टच्या प्रमाणपत्र परीक्षेची पूर्ण पाठमाला मोफत आहे. परीक्षेची फी वेगळी. ती वाचून शिकायची आहे, चित्रफिती थोड्या. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट मिळतं, पण फक्त विंडोजवर चालतं. मॅकवाल्यांनी कुठल्याही कोर्सचे पैसे भरण्याआधी हे विचारात घ्यावं.

चौथं ठिकाण एनपीटेल, म्हणजे आयआयटींसारख्या संस्थांच्या मोफत ऑनलाइन कोर्सचं संकेतस्थळ. आयआयटी रुरकीचा पायथनमधून डेटा अ‍ॅनालिटिक्सचा बारा आठवड्यांचा कोर्स तिथे आहे. सांख्यिकीवर भर असल्यामुळे नवशिक्याला जड जातो, पण एसक्यूएल आणि थोडं पायथन झाल्यावर घ्यावा. शिकायला पैसे नाहीत, परीक्षेला हजार रुपये. परीक्षा केंद्रावर जाऊन, देखरेखीखाली द्यावी लागते. बारापैकी चांगल्या आठ गृहपाठांना मिळून २५ गुण, परीक्षेला ७५. प्रमाणपत्रासाठी गृहपाठात किमान १० आणि परीक्षेत किमान ३० हवेत. नुसत्या चित्रफिती बघून मिळणाऱ्या प्रमाणपत्रापेक्षा याचं वजन जास्त आहे, असं आमचं मत.

मराठीतून सुरुवात करायची असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिबरऑफिस कॅल्कचे छोटे पाठ मराठीत आहेत. सूत्रं एक्सेलसारखीच. त्यापुढे मात्र चांगलं फुकट साहित्य मुख्यतः इंग्रजीत आणि काही हिंदीत आहे. इंग्रजी वाचायला जड जात असेल तर फुकटचा मार्ग तुम्हाला इतरांपेक्षा महाग पडतो, पैशात नाही तर वेळेत. मराठीतून शिकवणारी लाइव्ह बॅच घेण्याचं हे एक खरं कारण आहे.

थोडक्यात, शिकवणीच्या तासाची किंमत शून्याजवळ आली आहे. इंग्रजीची किंवा एकट्यानं शिकण्याची अडचण नसेल, तर ४७,२०० मधले शिकवणीचे पैसे तुम्ही उगाच देताय. मग पैसे देण्याजोगं उरतं काय?

चूक दाखवणारा माणूस

हे एका छोट्या फाईलवर समजतं. data.gov.in वर बाजारसमित्यांमधले शेतमालाचे रोजचे भाव मिळतात. जिल्हा, बाजार, माल, वाण, तारीख, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर, म्हणजे मोडल प्राइस, असे स्तंभ असतात. काही दिवसांच्या नोंदी गोळा करून नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याचा बाजारनिहाय सरासरी दर काढायचा आहे असं धरा. फुकटच्या पाठमालेतून पंधरा दिवसांत एवढं लिहिता येतं:

```sql
SELECT market, AVG(modal_price) AS sarasari
FROM bajarbhav
WHERE district = 'Nashik' AND commodity = 'Onion'
GROUP BY market
ORDER BY sarasari DESC;
```

क्वेरी चालते. उत्तर येतं. यादीत सगळ्यात वर एखादा असा बाजार असतो ज्याच्या त्या काळात दोनच नोंदी आहेत, त्याही नेमक्या भाव चढलेल्या दिवसांच्या. शिवाय प्रत्येक नोंदीला सारखंच वजन दिलं गेलं आहे. कुठे किती क्विंटल आवक झाली याचा हिशेबच नाही. लाल आणि उन्हाळ कांदा एकत्र झाला तो वेगळाच. संगणक यातल्या कशावरही तक्रार करत नाही, आणि चित्रफीत तर तुमची क्वेरी बघतच नाही. "नोंदींची संख्या शेजारी दाखव, मग बोल" असं सांगायला जाणता माणूसच लागतो, आणि मुलाखतीतही विचारतात ते हेच.

म्हणून खरा भाजक हा: तुमच्या फाईलवर कुणीतरी डोळे लावून बसेल असे तास. आपल्या नमुना कोर्समध्ये साठ जणांची बॅच आहे असं धरू. दोन सराव मुलाखती पाऊण-पाऊण तासाच्या, म्हणजे दीड तास. तीन प्रोजेक्टांची तपासणी अर्धा-अर्धा तास, दीड तास. साप्ताहिक शंकासत्रात तुमच्या वाट्याला नऊ मिनिटं, वीस आठवड्यांत तीन तास. एकूण सहा तास. ४७,२०० भागिले सहा: तासाला सुमारे ७,९०० रुपये. हीच फी आणि पंधरा जणांची बॅच असेल तर शंकासत्रातला वाटा दुप्पट होऊन सहा तास, प्रोजेक्ट तपासणी तासभराची म्हणून तीन, मुलाखतींचेही तीन तास. एकूण बारा तास आणि दर सुमारे ३,९००. इतरांच्या शंका ऐकूनही शिकता येतं हे मान्य, पण तसं ऐकणं रेकॉर्डिंगमध्येही होतं. बॅच किती जणांची आणि तपासणी कोण करतं, मुख्य शिक्षक की मागच्या बॅचचा विद्यार्थी, हे दोन प्रश्न अभ्यासक्रमाच्या दहा पानांपेक्षा जास्त सांगून जातात. उत्तर लेखी, ईमेलवर घ्या.

आता तेच बारा तास सुटे विकत घेऊन बघा. या कामातला अनुभवी माणूस तासाला १,५०० रुपये घेतो असं धरलं तर १८,०००. त्यात एक रेकॉर्डेड कोर्स आणि एनपीटेलची परीक्षा मिळवा.

| | लाइव्ह बॅच, १५ जण | सुटं जुळवलेलं |
|---|---|---|
| शिकवणी | फीमध्ये | ४९९ रुपये आणि फुकट साहित्य |
| वैयक्तिक तपासणी, १२ तास | फीमध्ये | १८,००० रुपये |
| देखरेखीखालची परीक्षा | सहसा नाही | १,००० रुपये |
| वेळापत्रक, सोबती | आहेत | स्वतः जमवायचे |
| नोकरीसाठी मदत | आहे, तपासून घ्यावी | नाही |
| एकूण | ४७,२०० रुपये | १९,४९९ रुपये |

फरक २७,७०१ रुपयांचा. निर्णय खरा इथे येतो. हे पावणेअठ्ठावीस हजार वेळापत्रकाचे आणि नोकरीच्या मदतीचे आहेत. दोन्ही गोष्टींना किंमत आहे, फक्त ती प्रत्येकाला सारखी नाही.

शिस्तीची किंमत

फुकट कोर्स अर्धवट सुटतात, हा पैसे घेणाऱ्यांचा आवडता मुद्दा, आणि तो खरा आहे. एमआयटी आणि हार्वर्डच्या एडएक्सवरच्या कोर्सांचा अभ्यास २०१९ साली सायन्स या नियतकालिकात आला होता. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी ३.१३ टक्के लोकांनीच कोर्स पूर्ण केला. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होतं. यावरून पैसे भरले की माणूस पूर्ण करतो असं समजायचं कारण नाही. ज्याला पूर्ण करायचंच आहे तोच पैसे भरतो, हेही त्यात आहे. आणि ४६ टक्क्यांचा दुसरा अर्थ असा की पैसे भरलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक मध्येच सुटले.

तुम्ही कुठल्या गटात आहात हे पैसे भरण्याआधी, एक रुपया खर्च न करता कळू शकतं. दोन आठवडे ठेवा. पहिल्या आठवड्यात कॅगलची तीन तासांची एसक्यूएल पाठमाला संपवा. दुसऱ्या आठवड्यात वरची बाजारभावाची फाईल उतरवून एक्सेलमध्ये स्वच्छ करा. त्यात एक हमखास अडखळण्याची जागा आहे. तारखा दिवस/महिना/वर्ष अशा लिहिलेल्या असतात आणि संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर 05/03 ही पाच मार्चची तारीख गुपचूप तीन मे होते. 25/03 मात्र तशीच मजकूर म्हणून पडून राहते, कारण पंचविसावा महिना नसतो. ओळखायची खूण सोपी: काही तारखा रकान्यात उजवीकडे चिकटतात, काही डावीकडे. इलाज असा की फाईल थेट न उघडता डेटा टॅबमधून आयात करायची आणि तारखेच्या स्तंभाला दिवस-महिना-वर्ष हा क्रम सांगायचा.

या दोन आठवड्यांत कुठे अडलात ते वहीत लिहा. तारखेसारख्या अडचणी शोधून अर्ध्या-एक तासात सुटत असतील, तर तुम्हाला शिकवणीची गरज नाही, तपासणारा हवा. सुटा मार्ग घ्या. प्रत्येक अडचणीवर दोन-दोन संध्याकाळी जात असतील, किंवा इंग्रजीतलं उत्तर सापडूनही कळत नसेल, तर लाइव्ह वर्गाचे पैसे वाया जाणार नाहीत. आणि दोन आठवड्यांत वही उघडलीच गेली नसेल, तर निदान यंदा तरी ४७ हजार भरू नका. वेळापत्रक वर्गात बसवतं, पण घरी सराव करून घेत नाही. हा विषय मात्र सरावातच येतो.

नोकरीच्या मदतीची किंमत

"शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स" म्हणजे नोकरी नव्हे, मदत. रेझ्युमे पाच ठिकाणी पाठवला तरी ती मदत शंभर टक्के झाली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. खोट्या नोकरीच्या हमीला त्यात मनाई आहे, आणि यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो छापताना त्यानं कुठला कोर्स, किती काळ, पैसे भरून केला की नाही हे सांगावं लागतं. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

इथेही भाजकच विचारा. "८५ टक्के विद्यार्थ्यांना नोकरी" यातले विद्यार्थी कोणते? प्रवेश घेतलेले साठ, कोर्स संपवलेले तीस, की सगळ्या चाचण्यांत सत्तर टक्के मिळवून "पात्र" ठरलेले वीस? विसातल्या सतरा जणांना नोकरी लागली तर ८५ टक्के खरंच आहे, पण प्रवेश घेताना तुमची शक्यता साठात सतरा, म्हणजे २८ टक्के. शेवटच्या पूर्ण झालेल्या बॅचमधल्या दोघा-तिघांशी बोलायला मागा, आणि नावं संस्थेनं निवडलेली नकोत. लिंक्डइनवर संस्थेचं नाव शोधून स्वतः गाठा. त्यांना पगारापेक्षा पद विचारा. "अ‍ॅनालिस्ट" म्हणून घेतलं आणि काम डेटा एंट्रीचं, असंही होतं.

हप्त्यांवर घेणार असाल तर

"नो कॉस्ट ईएमआय" म्हणजे बहुतेक वेळा संस्थेकडे हप्ते नसतात. एखादी वित्तसंस्था तुमच्या नावावर कर्ज काढून संस्थेला पैसे देऊन मोकळी होते. कोर्स सोडला तरी कर्ज सुटत नाही आणि हप्ता चुकला की सिबिलवर उमटतं. व्याज आहे की नाही हे तपासायचं असेल तर एकरकमी भरल्यास किती सूट, एवढंच विचारा. चार हजार सूट मिळत असेल, तर खरी किंमत ४३,२०० आहे आणि बारा हप्त्यांत ४७,२०० भरताना वर्षाला जवळजवळ १७ टक्के व्याज पडतं. उरलेलं कर्ज दर हप्त्याला कमी होत जातं म्हणून दर चार हजारांवरून दिसतो त्यापेक्षा जास्त निघतो.

डिजिटल कर्जासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तुम्हाला मुख्य तथ्य पत्रक द्यावं लागतं. त्यात वार्षिक खर्चाचा दर आणि दंड न भरता कर्जातून बाहेर पडायची मुदत लिहिलेली असते. ही मुदत अगदी थोड्या दिवसांची असते, म्हणून पहिला वर्ग त्या मुदतीच्या आत होतोय का, ते बघूनच ओटीपी द्या. फोनवरचा माणूस "सीट ब्लॉक करण्यापुरता" म्हणून ओटीपी मागतो, तेव्हा तो बहुधा कर्जाच्या कराराला संमती मागत असतो.